साडेअकरा किलोंची बॅग आणि चिखलदऱ्याचा पाऊस

*मावशी, ऑगस्टमध्ये मी, माझा 17 वर्षांचा भाऊ आणि दोन मैत्रिणी चिखलदऱ्याला पायी चढणार आहोत. मामाच्या गावाहून चार तासांची पायवाट आहे. रात्री वर ओळखीच्यांच्या घरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी गाविलगड पाहून खाली. मागच्या वर्षी बॅगेला कव्हर होतं तरी आतले कपडे भिजले. रेनकोट घातला तर घामानेच ओली झाले, आणि वर पोहोचल्यावर दात वाजायला लागले. यंदा बॅग भरून काट्यावर लावली तर साडेअकरा किलो निघाली. माझं वजन 52 किलो. काय काढू? रेनकोट घेऊ की छत्री? जीन्स चालेल ना? भाऊ म्हणतो, जड झालं तर मी घेईन.*
*– दर्यापूर तालुक्यातली एक वाचक*

बेटा,

बॅग काट्यावर लावलीस हे फार चांगलं केलंस. बहुतेक जण ती हाताने उचलून बघतात आणि "चालते" म्हणतात. अंगणात उभं राहून उचललेली बॅग सगळ्यांनाच चालते. तू कापसाच्या मुलखातली आहेस, तेव्हा एक गोष्ट तुला सांगावी लागणार नाही. दवात वेचलेला कापूस काट्यावर जास्त भरतो, आणि तोच दुपारी उन्हात वाळला की कमी भरतो. तुझ्या बॅगेचंही तसंच आहे. घरी काट्यावर दिसलेला आकडा कोरडा आहे. चढणीवर दोन तास पाऊस लागला की बॅगेचं कापड, पट्टे, पाठीकडचा फोम, सगळं पाणी पितं आणि साध्या कॉलेजच्या बॅगेचं वजन अर्धा ते एक किलोने सहज वाढतं. म्हणून पावसाळ्यातली वजनाची मर्यादा ठरवताना पावसासाठी जागा आधीच सोडायची.

माझा हिशोब असा. एका दिवसाच्या किंवा घरात मुक्काम असलेल्या चालीसाठी कोरडी बॅग आपल्या वजनाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जड नको. 52 किलोंचा आठवा हिस्सा साडेसहा किलो. त्यात पावसाचा एक किलो धरला तर साडेसात होतात, म्हणजे तुझ्या वजनाच्या 15 टक्क्यांच्या आतच. पाचव्या हिश्श्याएवढं ओझं नेणारे लोक तुला भेटतील, पण त्यांच्या सॅकला कमरेचा रुंद पट्टा असतो, ओझं खांद्यावरून कमरेवर उतरतं आणि त्यांना रोजची सवय असते. तुझ्या बॅगेला तो पट्टा नाही असं मी धरून चालते. मग सगळं ओझं खांद्यांवर लटकतं, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला की आधी बॅग एका बाजूला झोका घेते, मग तिच्यामागे आपण जातो. चढताना ओझं दमवतं, उतरताना पाडतं. पावसात घसरून पडणारे बहुतेक लोक मी उतरतानाच पाहिलेत.

आता साडेअकराचे साडेसहा कसे होतात ते बघू. तू यादी पाठवली नाहीस, पण पहिल्यांदा भरलेल्या इतक्या बॅगा मी उघडून पाहिल्यात की अंदाज बांधते, तू घरी ताडून बघ. रिकामी बॅग 1300 ग्रॅम. चार लिटर पाणी बाटल्यांसकट 4 किलो 200. जादा जीन्स 700. सोलापुरी चादर 1200. लोकरीचा स्वेटर 600. तीन सुती कुर्ते 600. मोठा टॉवेल 400. स्टीलच्या डब्यात पोळ्या, चटणी, चिवडा, लाडू मिळून दीड किलो. मोबाइल, पॉवर बँक, टॉर्च 500. छत्री 400. औषधं शंभरेक ग्रॅम. बेरीज कर, साडेअकरा येते.

सगळ्यात जड काय आहे? पाणी. आणि आपण आभाळ फाटल्यासारख्या पावसात चाललोय! तरी पाणी कमी करताना एक सांभाळ. पावसात तहान लागल्याचं कळत नाही, घाम मात्र येतच असतो, त्यामुळे चार तासांच्या चढणीला दोन लिटर हवंच. त्याहून जास्त नको, कारण वर घर आहे, तिथे भरून घेता येईल. वाटेतल्या झऱ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी तसंच पिऊ नको. वरच्या उतारावर गुरं चरत असतात आणि पावसाळ्यात तिथलं सगळं त्याच झऱ्यात उतरतं. अडचण झालीच तर गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून, अर्धा तास ठेवून मग प्यायचं. थेंबांची बाटली मुठीत मावते, ती औषधांच्या पिशवीत ठेव.

दुसरी चादर. वर घरात राहणार आहात ना, मग आजच फोन करून चार जणांना पांघरायला मिळेल का हे विचार. मिळत असेल तर चादर घरी ठेव. सोलापुरी चादर पावसात भिजली तर दोन दिवस वाळत नाही आणि भिजल्यावर ती पाठीवर घेणं म्हणजे ओली गोणी घेणं. तिसरा तो स्टीलचा डबा. पोळ्या पातळ पिशवीत गुंडाळ, सोबत शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे, गूळ, बस. चार तासांच्या वाटेला माणशी 800 ग्रॅम खाणं भरपूर आहे. फुटाणे आणि गूळ वरच्या कप्प्यात नको, खिशात ठेव. पावसात थांबून बॅग उघडायचा कंटाळा येतो, माणूस खात नाही आणि मग थंडी लवकर लागते. टॉवेलच्या जागी पंचा घे, 150 ग्रॅमचा. पिळला की पुन्हा वापरता येतो.

जीन्स मात्र नाही. अंगावरही नाही आणि बॅगेतही नाही. तुला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, काटा घरात आहेच. कोरडी जीन्स मोज, बादलीत बुडव, जमेल तेवढी पिळ आणि पुन्हा मोज. पिळूनही ती निदान दीडपट तरी भरेल, आणि पावसात चालताना तिला कोण पिळणार? ओली जीन्स गुडघ्याला चिकटते, प्रत्येक पाऊल उचलायला जोर लागतो, मांड्या सोलवटतात. हाच प्रयोग भावाच्या पॉलिस्टरच्या ट्रॅक पँटवर कर. ती थोडंच पाणी धरते, त्यातलंही बरंचसं दोन वेळा झटकलं की निघून जातं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की कपड्यांचं बाकीचं गणित तुझं तुलाच सुटेल.

आता कव्हरकडे येऊ.

कव्हर बॅगेच्या बाहेरच्या बाजूला असतं. पाठीकडची बाजू उघडी राहते, राहावीच लागते, कारण तिथून पट्टे निघतात. पाऊस डोक्यावरून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरतो, पाठ आणि बॅग यांच्या फटीतून खाली जातो आणि फोममध्ये मुरतो. तिथून शिवणीतून आत. भरीस भर म्हणजे कव्हर खालून पिशवीसारखं असतं, त्यामुळे आत आलेलं पाणी तिथेच साचतं आणि बॅगेचा तळ त्यात बसून राहतो. मागच्या वर्षी तुझे कोणते कपडे जास्त भिजले होते ते आठव. तळाचे आणि पाठीकडचे असणार. कव्हर टाकून देऊ नको. चिखल आणि काट्याकुट्यांपासून ते बॅग वाचवतं. फक्त त्याच्या तळाला पेनच्या टोकाएवढी दोन भोकं पाड, म्हणजे साचलेलं पाणी वाहून जाईल. पण कपडे कोरडे ठेवायचं काम त्याच्यावर सोपवायचं नाही.

ते काम बॅगेच्या आतल्या पन्नीचं. बॅगेपेक्षा मोठी, जाड, नवी प्लास्टिकची पिशवी घे, एवढी मोठी की बॅग भरल्यावर तिचं तोंड हातभर वर उरेल. खताच्या पोत्यातलं अस्तर घरात सहज सापडेल, पण ते वापरू नको. युरियाचे कण धुऊनही कोपऱ्यांत राहू शकतात, ओलाव्यात विरघळतात आणि त्यातच आपलं खाणं आणि अंगाला लागणारे कपडे असतात. नवी पिशवी आणल्यावर तिची परीक्षा घे. सायकलवाला ट्यूबचं पंक्चर शोधतो तशीच. तोंड मुठीत धरून पिशवीत हवा भर, बादलीतल्या पाण्यात थोडी थोडी दाबत फिरव. बुडबुडे आले तर ती पिशवी बाजूला ठेव.

ही पन्नी रिकाम्या बॅगेत उभी लाव आणि सामान तिच्या आत भर. भरून झालं की वरून हलकं दाबून हवा काढ, तोंडाला चार-पाच पीळ दे, पिळलेला भाग दुमडून खाली आण आणि जुन्या ट्यूबचा कापलेला रबर त्यावर चढव. नुसती गाठ मारू नको. ओल्या बोटांनी गाठ सुटत नाही, मग माणूस पिशवी फाडतो. पन्नीच्या आत आणखी एक छोटी पिशवी, तीही अशीच पीळ देऊन बांधलेली. तिच्यात फक्त रात्रीचे कपडे, मोजे आणि स्वेटर. सॅनिटरी पॅड घेणार असशील तर तेही तिथेच, कारण ओलं झालेलं पॅड निरुपयोगी असतं आणि वर दुकान मिळेलच असं नाही. मोबाइल वेगळ्या बंद होणाऱ्या पिशवीत. पाण्याच्या बाटल्या पन्नीच्या बाहेर, बॅगेच्या बाजूच्या खिशात. झाकण सैल राहिलेली बाटली आत असली तर बाहेर थेंबही पडत नसताना सगळं भिजतं.

निघायच्या चार दिवस आधी एक संध्याकाळ यासाठी ठेव. पन्नीत कपड्यांच्या जागी जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून भर, कव्हर चढव, बॅग भावाच्या पाठीवर दे आणि त्याला अंगणात उभं करून डोक्यावरून नळीने किंवा तांब्याने पंधरा मिनिटं पाणी सोड. मग उघडून बघ. वर्तमानपत्राला एक थेंब लागला तरी डाग दिसतो, त्यामुळे पाणी नेमकं कुठून आलं ते लगेच कळतं. पाठीवर घेऊनच ही परीक्षा कर. जमिनीवर ठेवलेल्या बॅगेवर पाणी ओतलं तर पाठीकडची फट दिसतच नाही आणि कव्हर पास होतं.

कपड्यांचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुझे दात वाजले ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

बरीच वर्षं झाली त्याला. आम्ही बाया-मुली मिळून नऊ जणी ऑगस्टमध्येच वर गेलो होतो. चढताना पाऊस, पण अंगात गरमी, सगळ्या मजेत. वर पठाराच्या कडेला धुकं आणि वारा. दरी बघायला म्हणून अर्धा तास थांबलो. आमच्यातली एक सुती सलवार-कुर्ता घालून होती, वरून प्लास्टिकचा रेनकोट. ती आधी खूप थरथरली, मग गप्प झाली. जेवायला बसलो तर तिला डब्याची कडी उघडेना. बोटं चालत नव्हती, आणि "तू उघड" एवढं म्हणायलाही तिची जीभ जड झाली होती. मला तेव्हा वाटलं, दमली असेल. मी तिला म्हटलं, थोडं बस. तो माझा चुकीचा निर्णय होता. बसवल्याने ती आणखी गार पडली. बरोबरच्या एका मोठ्या बाईने ओळखलं. तिने चहाच्या टपरीच्या आडोशाला नेऊन तिचे सगळे ओले कपडे उतरवले, स्वतःचा कोरडा स्वेटर आणि साडी गुंडाळली, गोड चहा पाजला. अर्ध्या तासाने ती पुन्हा थरथरायला लागली, आणि आम्ही घाबरलो, पण ती बाई म्हणाली, हेच हवं होतं. थरथर म्हणजे शरीर अजून गरमी तयार करतंय. अंग गार असताना थरथर थांबली, बोलणं अडखळलं, बटण लावता येईना, तर ती धोक्याची वेळ असते.

तेव्हा थंडी कुठून आली? बर्फ तर नव्हता. अचलपूरच्या सपाटीपासून चिखलदऱ्याच्या पठारापर्यंत साधारण सातशे मीटरचा चढ आहे. तेवढ्या उंचीने हवा फक्त चार-पाच अंशांनी गार होते. बाकी सगळं काम ओल्या कापडाने आणि वाऱ्याने केलं. सुती कापड पाणी धरून अंगाला चिकटतं, वारा ते पाणी वाळवत राहतो आणि वाळायला लागणारी उष्णता अंगातून खेचली जाते. माठातलं पाणी गार होतं तसंच हे. आणि रेनकोट? प्लास्टिकच्या रेनकोटमधून घाम बाहेर जात नाही. चढताना अंगाची भट्टी पेटलेली असते, घाम आतच साचतो, कुर्ता भिजतो. मग वर थांबलं की भट्टी विझते आणि ओला कुर्ता तेवढा उरतो. तुझंही हेच झालं.

म्हणून कपड्यांची विभागणी तीन कामांत कर: चालायचे, थांबायचे आणि झोपायचे.

चालायचे कपडे भिजणारच आहेत, ते मान्य कर. पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा खेळाचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. तालुक्याच्या बाजारात फुटबॉलच्या जर्सी मिळतात, त्या उत्तम. दुपट्टा नको, तो झुडपात अडकतो आणि पाणी धरतो. पूर्ण बाह्या आणि मोज्यात खोचलेली पँट यासाठीही की आपल्याकडे पावसाळ्यात गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफस होतो. 2018 साली नागपूरकडे त्याची मोठी साथ आली होती. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गवतातून चालल्याचं आठवणीने सांग, कारण त्याचा उपचार साध्या तापापेक्षा वेगळा असतो.

चालायला लागताना जरा गार वाटलं पाहिजे. निघतानाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत तू घामाने भिजशील, म्हणून एक कपडा काढूनच निघ.

रेनकोट की छत्री, याचं माझं उत्तर दोन्ही नाही. निंदणाला आलेल्या बायांच्या डोक्यावर पावसात काय असतं ते आठव. पोत्याची किंवा पन्नीची खोळ. पुढून उघडी, खालून मोकळी, वारा खेळतो, घाम साचत नाही, आणि दिवसभर वाकून काम होतं. चढणीवर तुला तेच हवं. मेणकापडाची किंवा हलक्या ताडपत्रीच्या कापडाची मोठी खोळ घे किंवा शिवून घे, डोक्यावरून बॅगेसकट पाठ झाकेल आणि गुडघ्याच्या वर संपेल अशी. पोंचो म्हणून तयारही मिळते. वजन 400 ग्रॅमच्या आसपास असावं. बॅगही खोळीच्या आत गेल्याने पाठीकडची ती फट आपोआप बंद होते. तिचा दोष एकच. कड्याच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते, पाय दिसेनासे होतात. म्हणून कमरेला बांधायला दोरी आधीच ओवून ठेव, आणि वर पोहोचायच्या आधी, आडोसा असतानाच बांध. छत्री चढणीवर एक हात अडवते आणि तो हात तुला काठीसाठी हवाय.

रिमझिम असेल, वारा नसेल आणि चढ चालू असेल तर खोळही घालू नको, भिजत चाल. चालणारं माणूस पॉलिस्टरमध्ये ओलं असलं तरी गरम राहतं. खोळ मुसळधार पावसात, वाऱ्यात आणि थांबल्यावर.

थांबायचा कपडा म्हणजे तुझा स्वेटर. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते, म्हणून तो घेऊन चल. पण तो चालताना घालायचा नाही. पाच मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर आधी स्वेटर, त्यावर खोळ, मग फुटाणे. हा क्रम थंडी वाजायच्या आधी करायचा, कारण वाजायला लागल्यावर बोटं काम करत नाहीत आणि पन्नीचा रबर सुटत नाही. निघताना स्वेटर परत आत.

झोपायचे कपडे म्हणजे एक कोरडी ट्रॅक पँट, एक टी-शर्ट, एक जोडी मोजे. मिळून 400-500 ग्रॅम. हे फक्त छपराखाली घालायचे, हा नियम मोडायचा नाही. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. रात्री वाळत टाकलेला टी-शर्ट ऑगस्टात वाळत नाही, तो गार आणि दमट असेल, आणि कोरडे कपडे अंगावर असताना तो घालायचा जीव होणार नाही. तरी घाल. दहा मिनिटं चाललीस की तो अंगाच्या गरमीने कोमट होतो. कोरडे कपडे घालून निघालीस तर गाविलगडाच्या दरवाजापर्यंत तेही ओले होतील, आणि मग कुणाला काही झालं तर चौघांत मिळून एकही कोरडा कपडा उरणार नाही.

पुन्हा बेरीज करू. बॅग 1300, पाणी बाटल्यांसकट 2100, खाणं 800, स्वेटर 600, झोपायचे कपडे 400, मोजे 100, पंचा 150, मोबाइल-टॉर्च-पॉवर बँक 400 (पॉवर बँक चौघांत एक लहान पुरे), औषधं आणि बारीकसारीक 200, खोळ 400, पिशव्या 100. साडेसहा किलोला 50 ग्रॅम जास्त. तेवढ्यासाठी मी तुला काही काढायला लावणार नाही, पहिल्या तासात तेवढं पाणी पिऊन होईल.

भावाचं सांगते. 17 वर्षांचा मुलगा "मी घेईन" म्हणतोच. त्याचं वजन तू लिहिलं नाहीस. तो 48 किलोंचा असेल तर त्याची मर्यादा 6 किलो, तुझ्यापेक्षा कमी. त्याचं अंग अजून वाढतंय आणि बहिणीच्या मैत्रिणींसमोर तो दमलो म्हणणार नाही. त्याची बॅगही काट्यावर लाव. मदत करायची असेल तर औषधं, दोरी आणि पॉवर बँक अशा चौघांच्या सामाईक वस्तू त्याच्याकडे दे, म्हणजे तुमच्या तिघींच्या बॅगा हलक्या होतील आणि त्याचंही मन राहील.

पायांत खोल खाचा असलेले स्पोर्ट शूज. गमबूट नकोत, त्यात पाणी शिरलं की निघत नाही. खालच्या काळ्या मातीत बुटाला चिखलाचा गोळा चढतो आणि तोच गोळा घेऊन दगडावर पाय ठेवला की घसरतो, म्हणून माती संपून खडक सुरू होतो तिथे थांबून काठीने तळवे खरवडा. काळ्या खडकावर हिरवा थर दिसला तर तिथे पाय टाकू नका, शेजारच्या खडबडीत कपारीवर टाका.

वाटेबद्दल दोन गोष्टी. मेळघाट 1973-74 पासून व्याघ्र प्रकल्प आहे आणि पावसाळ्यात जंगलातल्या बऱ्याच वाटा बंद असतात. मामाला जी वाट माहीत आहे ती आज खुली आहे का, हे वनखात्याच्या कार्यालयात आठवडाभर आधी विचारा. त्यांनी गावातला वाटाड्या घ्या म्हटलं तर घ्याच. त्याला पावसात कोणता नाला किती वेळात भरतो ते माहीत असतं. वाटेतला नाला गुडघ्याच्या वर आणि गढूळ वाहत असेल तर ओलांडू नका, मागे फिरा किंवा ओसरेपर्यंत थांबा. आणि वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा. 30 सेकंदांच्या आत आला तर कड्यावरून, एकट्या झाडाखालून आणि गडाच्या उघड्या तटावरून खाली उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका. निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा अमरावती जिल्ह्याचा इशारा बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर पुढच्या आठवड्यात जा.

परतल्यावर एक काम कर. घरी आल्या आल्या, बॅग उघडायच्या आधी, ती तशीच ओली काट्यावर लाव आणि आकडा लिहून ठेव. मग निघतानाच्या कोरड्या आकड्यातून संपलेलं खाणं आणि पाणी वजा कर, आणि जे येईल ते या ओल्या आकड्यातून वजा करून बघ. जो फरक उरेल तेवढं पाणी तुझ्या बॅगेने पाठीवर वाहिलं. दोन किलो भरलं तर पुढच्या वेळी कोरडी बॅग साडेपाचच्या वर भरू नको, आणि पन्नीतला टी-शर्ट कोरडा होता की दमट, तेही मला कळव.

– तुझी मावशी